सुशिक्षित बेरोजगारांची घुसमट आणि प्रमाणकशून्यता: निबंध लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए. समाजशास्त्राचा गृहपाठ, सेमिनारचा पेपर किंवा स्पर्धा परीक्षेतलं वैकल्पिक विषयाचं उत्तर, तिन्हीकडे हा विषय फिरून फिरून येतो आणि तिन्हीकडे त्याच चुका होतात. खालची उत्तरं एकच उदाहरण धरून दिली आहेत: पदवी घेऊन पुण्यात राज्यसेवा आणि सरळसेवा भरतीची तयारी करणारी मुलं. उदाहरण एक ठेवलं की सिद्धांत कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, हे लपत नाही.

'प्रमाणकशून्यता' म्हणजे नेमकं काय लिहायचं? व्याख्येतच गाडी अडते.

अडते, कारण बहुतेक गाईडांत 'समाजात नियम नसण्याची अवस्था' एवढंच छापलेलं असतं. तेवढं लिहून पुढे गेलात तर बेरोजगाराच्या दुःखाशी त्याचा सांधा जुळत नाही. नोकरी नसलेल्या मुलाभोवती नियम काही कमी नसतात. घरचे असतात, जातीचे असतात, मेसचे आणि अभ्यासिकेचेही असतात.

एमिल दुर्खीमचा मुद्दा इच्छांबद्दल आहे. भूक भागली की शरीर थांबतं. मान, पैसा, पद यांच्या इच्छेला मात्र शरीरात कुठेही थांबा नाही. 'तुझ्यासारख्याने इथवर अपेक्षा धरावी, यापुढची हाव' हे समाज ठरवतो आणि माणूस ते न्याय्य मानून स्वीकारतो. ही मर्यादा ढिली पडते तेव्हा इच्छा आणि ती पुरी होण्याची शक्यता यांतलं अंतर बेसुमार वाढतं. त्या ढिलेपणाला प्रमाणकशून्यता म्हणायचं. 1893 च्या श्रमविभाजनावरच्या ग्रंथात त्याने ही संकल्पना उद्योगातल्या विस्कळीत संबंधांसाठी वापरली होती. 1897 च्या आत्महत्येवरच्या ग्रंथात ती इच्छांच्या नियमनाशी जोडली. तुमच्या निबंधाला दुसरा अर्थ लागतो. कोणत्या ग्रंथातला अर्थ घेताय ते एका वाक्यात सांगून टाका.

आणखी एक. प्रमाणकशून्यता ही समाजाची अवस्था आहे, मुलाच्या मनाची नाही. 'तो प्रमाणकशून्य झाला' हे वाक्य वहीत आलं तर खोडा.

दुर्खीम घ्यावा की मर्टन? दोघं एकत्र चालतात का?

चालतात, पण एकाच वाक्यात नाही. दोघांचं निदान जवळजवळ उलटं आहे आणि 'दुर्खीम व मर्टन यांच्या मते' अशी सुरुवात झाली की परीक्षकाला पुढचं वाचायचीही गरज उरत नाही.

दुर्खीमच्या मते इच्छेला समाजाची मर्यादा उरली नाही म्हणून त्रास होतो. रॉबर्ट मर्टनच्या 1938 च्या लेखात इच्छा समाजानेच लादलेली आहे: मोठं व्हा, यशस्वी व्हा. ते साधण्याचे मान्य मार्ग मात्र सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. म्हणजे एकाकडे ध्येयाला कुंपण नाही, दुसऱ्याकडे ध्येय पक्कं आहे आणि रस्ता अडलेला आहे.

सुशिक्षित बेरोजगारांवर लिहिताना बहुतेकांना मर्टन सोपा वाटतो. 'पदवी आहे, नोकरी नाही' हे वाक्य त्याच्या चौकटीत पटकन बसतं. पण मर्टन मुख्यतः विचलनाचं स्पष्टीकरण देत होता, मनस्तापाचं नव्हे. त्याच्या पाच प्रतिसादांपैकी (अनुरूपता, नवप्रवर्तन, कर्मकांडवाद, पलायनवाद, बंडखोरी) आपल्या उदाहरणात सगळ्यात उपयोगी पडतो तो कर्मकांडवाद. मुलगा सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरतो, रात्री दहाला उठतो, टेस्ट सिरीज लावतो, आणि पोस्ट निघेल यावर त्याचा स्वतःचाच विश्वास उरलेला नसतो. शब्दशः पाहिलं तर मर्टनचा कर्मकांडवादी ध्येय खाली आणतो. हा मुलगा ते तोंडाने सोडत नाही, नुसतं आतून रिकामं करतो. हा फरक निबंधात टिपलात तर सिद्धांत पाठ केलेला नसून वापरलेला दिसतो.

आमचा सल्ला असा: कणा दुर्खीमचा ठेवा, मर्टनला एक परिच्छेद द्या.

बेरोजगारी आली की प्रमाणकशून्यता आलीच, असं नाही का?

नाही, आणि निबंधाची सगळी धार इथेच आहे.

दुर्खीमने आर्थिक अरिष्टांची उदाहरणं दिली. 1873 मध्ये व्हिएन्नात आर्थिक कोसळ झाली. तिथल्या आत्महत्या 1872 मध्ये 141 होत्या, त्या 1873 मध्ये 153 आणि 1874 मध्ये 216 झाल्या. इथवर वाचून विद्यार्थी लिहितात, 'गरिबी वाढली की आत्महत्या वाढतात.' दुर्खीमचं म्हणणं बरोबर याच्या विरुद्ध आहे. एकीकरणानंतर इटलीत भरभराट आली तेव्हाही आत्महत्या वाढल्या, हे त्याने पुढच्याच पानांवर दाखवलं. गरीब आयर्लंडमध्ये आणि कॅलाब्रियात त्या कमी होत्या. म्हणून त्याचा निष्कर्ष असा की गरिबी उलट राखण करते, कारण ती स्वतःच इच्छेला लगाम घालते. मोडते ती सवयीची मोजपट्टी, मग ती वर जाताना मोडो की खाली येताना.

याला जोडून ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावाचा अभ्यास ठेवा. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझर्सफेल्ड आणि हान्स झायझल यांचा अहवाल 1933 मध्ये आला. वेळ हाताशी भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण घटलं, पुरुषांची चाल मंदावली, वेळेचं भान सुटत गेलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बहुतेक कुटुंबांच्या अपेक्षा आखडल्या. लोकांनी मागणंच कमी केलं.

म्हणजे तिथे बेकारी होती, हाल होते, पण बेलगाम इच्छा नव्हती. बेरोजगारी म्हणजे प्रमाणकशून्यता हे समीकरण तिथेच तुटतं. आपल्या उदाहरणातल्या मुलांचं चित्र तर नेमकं उलटं आहे. त्यांचा दिवस घट्ट बांधलेला आहे आणि अपेक्षा आखडलेली नाही. दिवसाला नियम आहे, आयुष्याला नाही. या एका वाक्याभोवती निबंध उभा राहू शकतो.

मग 'कोणता नियम सुटला' हे दाखवायचं कसं?

तीन पायऱ्यांनी. आधी जुना नियम सांगा, मग तो कशाने ढिला पडला ते, आणि शेवटी त्याच्या जागी काय आलं ते. यांतली मधली पायरी विद्यार्थी गाळतात.

जुना नियम: पदवी हे शिक्षणाचं टोक होतं. बी.ए., बी.कॉम. झालं की कुठे चिकटायचं, साधारण कोणत्या वयात चिकटायचं आणि न जमल्यास काय करायचं याचा एक अंदाज गावात असायचा. डी.एड. करून शिक्षक, नाहीतर बँकेत किंवा तालुक्याला कारकून, तेही नाही तर शेती किंवा दुकान. ही शिडी सगळ्यांना खुली होती असं अजिबात लिहू नका. जात, लिंग आणि जमीन यांनी ती फार पूर्वीपासून अडवलेली होती. पण पायरी कुठे संपते ते कळत होतं.

कशाने ढिलं झालं: महाविद्यालयं तालुक्यापर्यंत पोहोचली, पदवीधर वाढले आणि पदवीच्या बदल्यात मिळणारी जागा त्या वेगाने वाढली नाही. 2023 च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेला दोनशेवर उमेदवार. अशा वेळी 'अभ्यास केला की होतं' हा नियम खोटा म्हणता येत नाही, कारण कुणाचं तरी होतंच. आणि खराही म्हणता येत नाही. अपयश आलं तर ते आपलं की व्यवस्थेचं, हे ठरवायचं साधनच हातात राहत नाही.

त्याच्या जागी काय आलं: न संपणारा 'अजून एक अटेम्प्ट'. पूर्व निघाली तर मुख्य, मुख्य चार गुणांनी हुकली म्हणून पुन्हा पूर्व. राज्यसेवा नाही तर संयुक्त गट ब, ते नाही तर सरळसेवा. चौकात सत्काराचा फ्लेक्स लागतो तो निवड झालेल्या एकाचा. बाकीच्यांनी कुठे थांबावं हे सांगणारा फ्लेक्स कुणी लावत नाही. मर्टनची संदर्भसमूहाची कल्पना इथे एका वाक्यात आणता येते: मुलगा स्वतःला गावातल्या शेतमजुराशी किंवा वर्गातल्या सरासरी मुलाशी मोजत नाही, त्या फ्लेक्सवरच्या चेहऱ्याशी मोजतो.

पण वयोमर्यादा आहे, अभ्यासक्रम आहे, वेळापत्रक आहे. एवढे नियम असताना प्रमाणकशून्यता कशी?

हा आक्षेप परीक्षकाने काढण्याआधी तुम्हीच काढा. सगळा निबंध त्यानेच वर जातो.

दुर्खीमच्या लेखी कागदावरचा नियम आणि नैतिक नियम वेगळे. माणूस ज्याला न्याय्य मानतो तोच नियम इच्छेला आवरतो. याची जवळजवळ प्रयोगासारखी घटना महाराष्ट्रात घडलेली आहे. 2020 च्या डिसेंबरात लोकसेवा आयोगाने परीक्षेच्या संधींवर मर्यादा आणली: खुल्या गटाला सहा, इतर मागासवर्गाला नऊ, अनुसूचित जाती-जमातींना मर्यादा नाही. 2022 मध्ये ती मागे घेतली. उथळ वाचन करणारा म्हणेल, मर्यादा आली म्हणजे नियमन आलं, त्रास कमी व्हायला हवा. पण बाहेरून घातलेली आणि मग काढून घेतलेली मर्यादा 'आता पुरे' हे मनाला पटवू शकत नाही. उलट नियमच तात्पुरता आहे, हेच ती शिकवते.

उरते वयोमर्यादा. खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43, आणि कोरोनानंतर काही काळ त्यातही दोन वर्षांची सवलत. पदवी एकविसाव्या वर्षी धरली तर औपचारिक थांबा सतरा वर्षं लांब आहे. मधल्या सतरा वर्षांत 'थांब' म्हणायचा अधिकार कुणाकडेच नाही. बाप म्हणू शकतो, पण त्याला परीक्षेतलं कळत नाही असं मुलगा मानतो. क्लासवाल्याला कळतं, पण त्याचं पोट प्रवेशावर चालतं.

इथेच दुर्खीमचा एक भेद वापरा: तीव्र आणि जुनाट प्रमाणकशून्यता. एकदम येणारा धक्का तीव्र. 2021 च्या मार्चमधला प्रसंग त्यात बसतो. 14 तारखेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि शेवटी परीक्षा 21 तारखेला झाली. 2019 च्या राज्यसेवेतून निवड होऊनही आरक्षणाच्या न्यायालयीन वादात नियुक्ती अडकलेल्या 413 उमेदवारांचं प्रकरणही त्यातलंच. इथे नियम पाळूनही नियमाचं फळ हाती आलं नव्हतं. 'अजून एक अटेम्प्ट'चं वर्षानुवर्षांचं चक्र मात्र जुनाट. दोन्हींची सरमिसळ केली की युक्तिवाद ढासळतो, कारण तीव्र प्रकारात सरकारने तारीख पाळली की प्रश्न सुटतो, जुनाट प्रकारात सुटत नाही.

आकडे कोणते घ्यावेत?

थोडेच घ्या आणि प्रत्येकाला काम द्या. आमच्या मते दोन ठिकाणचे पुरतात.

पहिला, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांचा 2024 चा भारतीय रोजगार अहवाल. 2022 साली पदवीधर तरुणांतला बेरोजगारीचा दर 29.1 टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. दुर्खीमच्या 'गरिबी राखण करते' या विधानाशी हा आकडा जुळल्यासारखा दिसतो. पण लगेच पर्यायी स्पष्टीकरणही द्या: निरक्षर तरुणाला बेकार बसणं परवडतच नाही, मिळेल ते काम तो धरतो. पदवीधराची प्रतीक्षा घरातलं कुणीतरी पोसत असतं, बहुतेकदा शेतीच्या किंवा बापाच्या पगाराच्या जोरावर. म्हणजे हा आकडा नुसता त्रासाचा नाही, थांबून राहण्याच्या ऐपतीचाही आहे. हे कबूल केलंत तर निबंध कमजोर होत नाही. बेलगाम प्रतीक्षेला पैसा कुठून येतो, ते त्यातून कळतं.

दुसरा, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा (एनसीआरबी) अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा वार्षिक अहवाल. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

एनसीआरबीच्या तक्त्यात दोन वेगवेगळे आकडे दिसतात. बरोबर कोणता?

दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे. एका तक्त्यात मृत व्यक्ती काय करत होती ते असतं, दुसऱ्यात पोलिसांनी नोंदवलेलं कारण. 2020 साली 'बेरोजगार' या व्यवसाय-गटात 15,652 आत्महत्या आहेत, तर 'बेरोजगारी' या कारणाखाली 3,548. बेरोजगार असलेल्या बहुसंख्य लोकांच्या मृत्यूचं कारण पोलिसांनी कौटुंबिक प्रश्न, आजार वगैरे दुसरंच काही लिहिलं, असा याचा अर्थ.

दुर्खीमला हे आवडलं असतं. नोंदवहीतल्या 'कारणां'वर त्याने स्वतः अविश्वास दाखवला होता, कारण ती अधिकाऱ्याने घटनेनंतर लावलेली असतात. म्हणून कारणाचा तक्ता सोडा, व्यवसायाचा घ्या, आणि का घेतला ते सांगा.

तरी दोन मर्यादा राहतात. छापील तक्त्यांत शिक्षण वेगळं आणि व्यवसाय वेगळा; 'बेरोजगार पदवीधर' हा एक रकाना मिळत नाही. शिवाय तयारी करणारी बरीच मुलं हॉस्टेल टिकावं म्हणून एम.ए.ला नाव घालून ठेवतात. त्यांची नोंद 'विद्यार्थी' म्हणून झाली तर ती बेरोजगारांत मोजलीच जात नाहीत.

विषयातच 'वाढता मानसिक त्रास' असं म्हटलंय. तो वाढतोय हे गृहीत धरायचं का?

गृहीत धरू नका. एनसीआरबीचा बेरोजगार गट चार वर्षांत असा आहे: 2019 मध्ये 14,019, 2020 मध्ये 15,652, 2021 मध्ये 13,714, 2022 मध्ये 15,783. एकूण आत्महत्यांतला वाटा अनुक्रमे 10.1, 10.2, 8.4 आणि 9.2 टक्के. सुरुवात 2021 पासून केली तर झपाट्याने वाढ दिसते, 2020 पासून केली तर जवळपास जैसे थे. वर्ष निवडून निष्कर्ष काढणं म्हणतात ते हेच.

त्यात श्रमबल सर्वेक्षणाप्रमाणे 15 ते 29 वयोगटाचा बेरोजगारीचा दर 2017-18 मध्ये 17.8 टक्के होता, तो 2022-23 मध्ये 10 टक्क्यांवर आला. दर उतरतोय आणि तुम्ही वाढत्या बेरोजगारीने वाढता त्रास असं लिहिताय, हा विरोध झाकून चालणार नाही. प्रामाणिक वाक्य असं होईल: 'बेरोजगारांतील आत्महत्यांच्या संख्येत सलग वाढ दिसत नाही, मात्र बेरोजगारीचा अधिकृत दर घटत असताना ही संख्या त्या प्रमाणात घटलेली नाही, आणि स्पष्टीकरण हवे ते याचे.' आक्रस्ताळेपणा कमी, मुद्दा जास्त.

शिवाय आत्महत्या म्हणजे मानसिक त्रास नव्हे. ते त्याचं अगदी टोक आहे. त्रास मोजायचा तर बारा प्रश्नांची सामान्य आरोग्य प्रश्नावली किंवा केसलरची दहा प्रश्नांची मापनी असते. आपल्या निबंधात 'त्रास' म्हणजे यांतलं काय, ते पहिल्या पानावर ठरवा.

आकडे महाराष्ट्राचे आणि निष्कर्ष एका मुलाबद्दल, असं चालेल का?

नाही. 2022 साली देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदवल्या गेल्या: 1,70,924 पैकी 22,746. यावरून महाराष्ट्राच्या समाजरचनेबद्दल प्रश्न विचारता येतो, तोही लोकसंख्येशी ताडून. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवर राहणाऱ्या अमुक मुलाच्या मनात काय चाललंय ते यातून निघत नाही. समूहाचा निष्कर्ष व्यक्तीवर चिकटवण्याच्या या चुकीला परिस्थितिकीय तर्कदोष म्हणतात आणि दुर्खीमवरही तो आरोप झालेला आहे.

व्यक्तीच्या पातळीवर जायचं असेल तर लिओ स्रोलने 1956 मध्ये केलेली पाच विधानांची मापनी आहे. तो जे मोजतो ते व्यक्तीला जाणवणारं तुटलेपण. त्यासाठी वेगळा शब्द वापरा आणि दुर्खीमची प्रमाणकशून्यता मोजली असं म्हणू नका.

हा त्रास अहंवादी प्रकारातला नाही का? मुलं घरापासून तुटलेली, एकटी असतात.

असू शकतो, आणि वेगळा करून दाखवणं तुमचं काम. दुर्खीमने आत्महत्येचे जे प्रकार केले त्यांतल्या अहंवादी प्रकारात समाजाशी असलेला धागा विरतो, म्हणजे प्रश्न एकात्मतेचा. प्रमाणकशून्यतेत धागा असतो, लगाम नसतो. पारख साधी आहे: घरून रोज फोन येतो, चार मित्र एका खोलीत राहतात, मेसच्या पंगतीला रोज तेच चेहरे असतात, आणि तरीही त्रास तसाच असेल, तर एकटेपणा हे उत्तर अपुरं ठरतं. सणाला गावी जाणं टाळणारा मुलगा मात्र दोन्हींच्या सीमेवर उभा आहे. 'सध्या काय करतोस?' या प्रश्नापासून तो पळतो. लगाम नसल्यामुळे धागाही तुटायला लागतो, असा क्रम लावता आला तर लावा.

मुलींना हेच स्पष्टीकरण लागू पडतं का?

फारच थोडं, आणि बहुतेक निबंध इथे गप्प असतात. तयारी करणाऱ्या मुलीला अनेक घरांत मुदत दिलेली असते: 'दोन वर्षं बघ, मग स्थळं बघू.' तिच्या इच्छेला मर्यादा आहे, उलट ती गळ्याशी आलेली आहे. दुर्खीमने प्रमाणकशून्य आत्महत्येच्या प्रकरणाच्या अखेरीस एका तळटीपेत चौथा प्रकार सांगितला, दैववादी. अतिनियमनामुळे भविष्याची वाटच बंद झालेल्यांचा. विवाहित पण मूल नसलेल्या स्त्रियांचं उदाहरण त्याने तिथे दिलं होतं.

म्हणजे एकाच अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या भावाचा त्रास नियमन कमी पडल्याचा आणि बहिणीचा नियमन जास्त झाल्याचा असू शकतो. त्यात लग्नानंतर घरी बसलेली पदवीधर मुलगी काम शोधत नसेल तर श्रमबल सर्वेक्षणात बेरोजगार म्हणून मोजलीच जात नाही. पुराव्याशिवाय हे ठाम विधान करू नका, पण गृहीतक म्हणून जरूर मांडा.

एक परिच्छेद लिहून दाखवाल का?

आधी नेहमी दिसणारा:

'आज बेरोजगारी वाढली आहे. त्यामुळे तरुणांमध्ये नैराश्य आले आहे. दुर्खीम व मर्टन यांच्या मते समाजात नियम राहिले नाहीत तर प्रमाणकशून्यता निर्माण होते. म्हणून तरुण आत्महत्या करतात.'

चार वाक्यं, चार उड्या. 'त्यामुळे' आणि 'म्हणून' यांच्या मागे काहीच नाही, आणि सिद्धांत काढून टाकला तरी परिच्छेद तसाच राहतो. सिद्धांत खरंच काम करतोय का याची हीच कसोटी. आता दुसरा:

'स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराचे दैनंदिन जीवन अनियमित नसते. अभ्यासिकेचे तास आणि चाचण्यांचे वेळापत्रक ते काटेकोर बांधतात. ढिला पडतो तो आकांक्षेचा शेवट ठरवणारा नियम. पदवी हा टप्पा राहिला नाही, आणि वयोमर्यादेपर्यंतच्या दीर्घ काळात प्रयत्न थांबवण्याचे सर्वमान्य चिन्ह उपलब्ध नाही. दुर्खीम ज्याला जुनाट प्रमाणकशून्यता म्हणतो ती येथे उद्योगव्यापारात नव्हे, तर प्रतीक्षेत आढळते. हे खरे असेल, तर पर्यायी आणि प्रतिष्ठित मार्ग उपलब्ध असलेल्या उमेदवारांत, समान अपयशानंतरही, त्रास कमी आढळायला हवा.'

शेवटचं वाक्य विसरू नका. दावा खोटा कसा ठरू शकतो, ते त्यात आहे. वडिलांचं दुकान असलेला आणि काहीच नसलेला, असे दोन उमेदवार सारख्याच गुणांनी हुकले. दोघांचा त्रास सारखाच निघाला तर तुमचं स्पष्टीकरण डळमळतं. आणि दुकान असलेल्याचा त्रास कमी निघाला तरी तो 'मार्ग' असल्यामुळे की नुसता पैसा असल्यामुळे, हे वेगळं करावं लागेलच.

मुलाखती घ्यायच्या असतील तर काय विचारावं?

'तुम्हाला नैराश्य येतं का?' असं विचारू नका. हो म्हटलं तरी त्यातून नियमाबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी विचारा: थांबायचं कधी हे कुणी ठरवलंय का? पहिल्या वर्षी काय ठरवलं होतं आणि आता काय? तुमच्या ओळखीतल्या कुणी तयारी सोडली तेव्हा लोक त्याच्याबद्दल काय बोलले? शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त देतो. सोडणाऱ्याला 'शहाणा झाला' म्हणतात की 'हरला', यावर तिथे थांबण्याचा मान्य नियम आहे की नाही ते कळतं.

आठ-दहा मुलाखती निबंधाला पुरतात. सोडून गेलेल्या दोघा-तिघांना मात्र शोधाच, नाहीतर तुमच्याकडे फक्त अजून बसलेल्यांचीच बाजू येईल. नाव, गाव, क्लास काही लिहू नका. परीक्षेचं वर्ष आणि तालुका दिला तरी माणूस ओळखू येतो. बोलताना कुणी जीव नकोसा झाल्याचं म्हणालं तर मुलाखत तिथेच थांबवा, त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानसचा 14416 हा क्रमांक लावून द्या. वही नंतर उघडता येते.

तीनशे शब्दांत हे सगळं कसं बसणार?

सगळं बसवायचं नाही. वीस गुणांच्या उत्तरात व्याख्या चाळीस शब्दांत, दुर्खीम-मर्टन फरक साठ शब्दांत, आणि निम्मं उत्तर एका यंत्रणेला: थांब्याचा नियम कसा सुटला. उरलेल्या जागेत एक आकडा आणि एक आक्षेप. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभ्यासक्रमात दुर्खीमखाली आत्महत्या आणि मर्टनखाली अनुरूपता, विचलन व संदर्भसमूह असे विषय आहेत. प्रश्न कुठल्या अंगाने विचारलाय ते पाहून वजन सरकवा.

तीन हजार शब्दांच्या पेपरात मात्र हे प्रमाण उलटवा. व्याख्या आणि सिद्धांत मिळून आठशेच्या वर जाऊ देऊ नका. वाचणाऱ्याने दुर्खीम वाचलेला असतो, तुमचा तालुका वाचलेला नसतो.